जोडे पुढच्या दारी, वाट मागच्या

माझ्या मावशीला तिच्या गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. ती सगळ्यांची बिल्लामावशी. देवळाच्या पुढच्या दाराजवळ तिचा जोडे सांभाळायचा ठेला आहे. भिंतीला टेकवलेल्या लाकडी फळ्या, फळ्यांना खण, प्रत्येक खणाला खिळ्यावर टांगलेले दोन पत्र्याचे बिल्ले. एक बिल्ला गिऱ्हाइकाच्या हातात, दुसरा खणावर. इतका साधा व्यवहार, पण मावशीचा तोरा असा की बँकेची तिजोरी तिच्याच ताब्यात आहे. आपल्या हातून आजवर जोडीची अदलाबदल झाली नाही, हे ती ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते आणि अनोळखी माणसाला त्याहून लवकर.

तिचं घर देवळामागच्या वस्तीत. खाली दोन खोल्या, वर एक. उत्सवाच्या दिवसांत वरची खोली ती यात्रेकरूंना देते आणि खालच्या खोल्यांत नातेवाईक भरते. गावातल्या लॉजच्या खोल्या कित्येक महिने आधीच गेलेल्या असतात. ऐन वेळी येणाऱ्याला जिन्याखालची जागासुद्धा मिळत नाही. म्हणून बाबांनी उत्सवाच्या मुख्य दिवशीच दर्शनाला जायचं असं ठरवलं, तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. बाकीचे सगळे प्रश्न मात्र मला पडले.

बाबा आयुष्यभर शिंपीकाम करून आता घरी बसलेले. डोळे अधू, चाल सावकाश, आणि दमा. शर्टाच्या वरच्या खिशात पंप असतोच. मी त्यांना परोपरीनं सांगितलं की देव कुठे पळून जात नाही, उत्सव संपल्यावर आठवड्यानं जाऊ, मोकळं दर्शन होईल. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि आपलंच करतात. आई असती तर तिनं त्यांना दोन शब्दांत गप्प केलं असतं. मी तासभर बोलले आणि शेवटी पिशवी भरायला लागले. मी तापट आहे असं सगळे म्हणतात. अशा बापाची मुलगी थंड डोक्याची निघाली असती तर तेच नवल होतं.

आम्ही मुख्य दिवसाच्या आदल्या दुपारी पोचलो. त्याच दिवशी आलं तर गाड्या गावाबाहेर अडवतात आणि पुढे पायपीट करावी लागते, म्हणून मावशीनंच तसं सांगितलं होतं. दारात पाऊल ठेवलं तेव्हा ती वरच्या खोलीतल्या बिऱ्हाडाला तालीम देत होती. तालीमच म्हणायला हवी. प्रत्येकाच्या खिशात घराचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. पहाटे सगळं गाव रांगेत उभं असतं, तेव्हा जायचं नाही. दुपारी लोक जेवायला पांगतात तेव्हा रांग जरा हलते, तेव्हा जायचं. चुकामूक झाली तर देवळाच्या दाराशी शोधत बसायचं नाही, बसच्या मैदानावरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहायचं. गर्दीत फोन लागत नाही, मेसेज पाठवायचा, तो उशिरा का होईना जातो. हातातून काही पडलं तर वाकायचं नाही. गर्दी रेटायला लागली तर उलटं ढकलायचं नाही, दोन्ही हात छातीशी धरायचे आणि तिरकं तिरकं सरकत कडेला जायचं. आणि जोडे घालून निघायचंच नाही, घरीच ठेवायचे.

हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. जोडे सांभाळून पोट भरणारी बाई आपल्याच भाडेकरूंना सांगत होती की जोडे घालू नका. मी तसं म्हटलं तर तिनं मला वेड्यात काढलं. यंदा बाहेर पडायची वाट मागच्या दारानं आहे, ती म्हणाली. पुढून आत, मागून बाहेर. मागचं दार मागच्या गल्लीत उघडतं, गल्ली उतरून मैदानावर जायचं आणि मैदानावरून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून पुढे यायचं. एवढा वळसा अनवाणी घालायचा आणि तोही जोड्यांसाठी, हे परक्या माणसाला झेपत नाही.

मग तू ठेला मागे मैदानावर का नाही हलवलास, हा प्रश्न कोणालाही सुचला असता, तसा मलाही सुचला. देवळाच्या व्यवस्थापनानं बैठकीत सगळ्या ठेलेवाल्यांना नेमकं तेच सांगितलं होतं म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणी हललं नाही. मावशीचं उत्तर तिच्या धंद्याला धरून होतं. माणूस जोडे काढतो तो आत जाताना. जिथून तो बाहेर पडतो तिथे बसून मला कोण जोडे देणार? अनवाणी बाहेर आलेल्याचे कोणते जोडे सांभाळू? बोलणं बिनतोड होतं. त्यात काय खोट होती ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मावशी सकाळपासून ठेल्यावरच होती. पुढचा रस्ता माणसांनी भरला होता. रांगेसाठी लोखंडी कठड्यांचे नागमोडी पट्टे केलेले, एकेक तुकडी आत सोडत होते, मग दोर आडवा लावत होते. रस्त्याच्या एका कडेला रुग्णवाहिकेसाठी मोकळी पट्टी राखलेली होती आणि तिथे कोणी पाय ठेवला की एक हवालदार शिट्टी फुंकत होता. म्हाताऱ्या माणसांची रांग वेगळी, आखूड आणि सावलीत. त्या रांगेत सोबतीला कोणाला घेत नव्हते. मी खूप घासाघीस केली, पण दारावरचा स्वयंसेवक हातच जोडत राहिला. बाबांना तर बरंच झालं. माझी कटकट नको होती त्यांना.

त्यांच्या पायात नवे चामडी जोडे होते. त्यांनी ते काढले, मावशीनं पुसून खणात ठेवले आणि बिल्ला त्यांच्या मुठीत दिला. मग ती जे म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"भावोजी, दर्शन झालं की सरळ इकडे या. मागचं दार ओलांडलंत की लगेच उजवीकडे बोळ आहे, भिंतीला धरून चालत आलात की माझ्यासमोरच निघता. मैदानावरून उगाच फिरू नका, तुम्हाला धाप लागेल."

परक्यांसाठी चिठ्ठ्या, टाकी, वळसा आणि बजावून बजावून सांगणं. घरच्या माणसाला मात्र बोळातून जवळची वाट. घरच्या माणसाला कसले नियम, ही आपल्याकडची माया. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, बाबांची पायपीट वाचली म्हणून.

मी ठेल्याच्या मागच्या स्टुलावर बसले. मावशी जोडे घेत होती, बिल्ले देत होती, मधूनच मला पाणी पाजत होती. तिची गंमत अशी की ती माणसाचा चेहरा पाहतच नाही, पायाकडे पाहते. हा डॉक्टर असणार, ही बाई उभ्यानं काम करते, या माणसाचा डावा पाय आखूड आहे, असं काय काय ती माझ्या कानात सांगत होती. मी हसत होते, पण नजर बोळाच्या तोंडाकडे होती. बोळ ठेल्यापासून चार दुकानं टाकून. देवळाची उंच भिंत एका बाजूला, गोदामाची आंधळी भिंत दुसऱ्या बाजूला, मध्ये तीन माणसं शेजारी चालतील एवढी वाट, आणि मधोमध एक वळण. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

आधी बोळातून एकेकटी माणसं यायला लागली, अनवाणी, हातात बिल्ला. मावशी खूश. बघ, सगळे शहाणे जवळच्या वाटेनं येतात. मग घोळके यायला लागले. मग एक बाई आली, तिचा पदर फाटला होता आणि ती रडवेली झाली होती. ती म्हणाली की आत फार रेटारेटी आहे, समोरून माणसं घुसताहेत. समोरून म्हणजे आमच्या बाजूनं. मी उठून पाहिलं. मोठ्या रांगेला कंटाळलेल्या लोकांनी मागच्या दारानं आत शिरायचं डोकं लढवलं होतं आणि ते भराभर बोळात घुसत होते. तिकडून जोड्यांसाठी येणारे, इकडून रांग चुकवायला जाणारे, आणि मध्ये ते वळण.

बाबा दर्शन घेऊन बाहेर पडायची वेळ झाली होती.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मावशी म्हणाली, अगं ते अजून आतच असतील, म्हाताऱ्यांना आत टेकायला बाकं आहेत. ती मला समजावत होती की स्वतःला, ते कळेना. तिच्या हातातला बिल्ला खिळ्यावर अडकेना, दोनदा खाली पडला.

शिट्टीवाला हवालदार धावत आला. त्यानं दोन स्वयंसेवकांना घेऊन बोळाच्या तोंडाशी कठडा आडवा लावला आणि आत घुसणाऱ्यांना अडवलं. वॉकीटॉकीवरून देवळाच्या आतल्या तुकड्या थांबवायला सांगितलं. मग तो आमच्याकडे वळला आणि एका दमात बोलला. पुढून मी बंद केलंय, देवळातून नवीन कोणाला सोडत नाहीत, पण जे आधीच मागच्या गल्लीत उतरलेत ते मैदानाकडे जायला तयार नाहीत. बिल्ले दाखवताहेत. जोडे पुढे आहेत म्हणताहेत. तिकडून रेटा चालूच आहे. जोडे मैदानावर न्या.

मावशीनं जे केलं त्याचा मला आजही राग येतो. ती खणांसमोर हात पसरून उभी राहिली. असे कसे नेऊ, ती म्हणाली. गोण्यांत भरले तर जोड्या मोडतील, कोणाचा जोडा कोणाला जाईल, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. एकेक जोडी सुतळीनं बांधायला संध्याकाळ होईल. तुम्ही भोंग्यावर नुसतं सांगा की जोडे तिकडे आहेत, लोक आपोआप वळतील.

हवालदार ओरडला नाही. तो खरं तर तिच्या मुलाच्या वयाचा होता.

"मावशी, मी सांगेन आणि ते मैदानावर जातील. तिथे जोडे दिसले नाहीत की सगळे एकदम परत फिरतील. मग मला कोणालाच थांबवता यायचं नाही."

शेजारचे दोघं ठेलेवाले मावशीच्या तोंडाकडे बघत होते. ती हलली असती तर ते हलले असते. ती हलत नव्हती. आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. बाबांचा मेसेज होता. पाठवून बराच वेळ झालेला, आता पोचला होता. बाबा मेसेज लिहितात तेही कापड कापल्यासारखं, मोजकं. लिहिलं होतं, "बोळात आहे. खूप दाटी. जोडे घेऊन येतो."

मी तो फोन मावशीच्या नाकासमोर धरला. माझ्या तोंडून काय काय गेलं ते मी इथे लिहीत नाही. तिनं ते ऐकलं नसावं. तिनं मेसेज वाचला, ओठ हलवत वाचला, आणि मग ती वळली आणि तिनं पहिली फळी दोन्ही हातांनी धरून पुढे उलटी केली. जोडे, चपला, बूट, लहान मुलांच्या सँडली, सगळं भसाभस खाली. बिल्ले रस्त्यावर घरंगळले. मग दुसरी फळी. मग तिसरी. इतक्या वर्षांत ज्या खणांत तिनं धूळ बसू दिली नव्हती ते रिकामे, आ वासून उभे राहिले. मी गोण्या पसरल्या आणि आम्ही दोघी फावड्यानं माती ओढावी तसे जोडे हातांनी ओढून भरत गेलो. शेजारच्यांनीही आपापल्या फळ्या उलट्या केल्या. समोरून एक हातगाडीवाला न बोलावता गाडी घेऊन आला. हवालदारानं तिला रुग्णवाहिकेच्या पट्टीतून जाऊ दिलं.

"तू इथे थांब," मावशी मला म्हणाली. "ते इकडून निघाले तर तू हवीस. तिकडून निघाले तर मी आहे."

ती हातगाडीला मागून रेटा देत पळाली. तिच्या वयाची बाई पळताना पाहवत नाही. रस्त्याचं पुढचं वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली.

मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. इतका भयाण वेळ मी आयुष्यात काढला नाही. बोळात गलका नव्हता. गलका असता तर बरं झालं असतं. माणसं दाटून उभी होती, माना वर काढून, तोंडं उघडी, आणि आतून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता, तो कोणा एकाचा नव्हता. ओरडायला छातीत हवा लागते. ती तिथे कोणाकडे नव्हती. स्वयंसेवक अगदी पुढच्या माणसांना एकेक करून भिंतीच्या कडेनं ओढून बाहेर काढत होते. मधल्या कोणाला खेचायला जात नव्हते. मधला माणूस खेचला तर शेजारचा पडतो, आणि एक पडला की त्याच्यावर सगळे. बाहेर आलेला माणूस दोन पावलं टाकायचा आणि रस्त्यावर बसायचा. मी प्रत्येकाचा चेहरा पाहत होते. मावशीसारखं पायांकडे पाहून मला ओळखता आलं असतं तर किती बरं झालं असतं, कारण खाली वाकून पाहिलं तर पाय दिसत होते. सगळे अनवाणी, सगळे सारखे.

त्याच वेळी भोंगा बोलायला लागला. सगळे जोडे मागच्या मैदानावर पाण्याच्या टाकीजवळ आणले आहेत, बोळात कोणी येऊ नका, जोडे मैदानावर आहेत. पुन्हा पुन्हा तेच, सावकाश, घाई न करता. सुरुवातीला काही फरक पडला नाही. मग बोळाच्या वळणापाशी काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. माना हलल्या. मागच्यांनी मागे पाऊल घेतलं असावं, कारण पुढचे जे एकमेकांच्या आधारानं उभे होते ते आता स्वतःच्या पायांवर उभे राहायला लागले. दोघं तिघं तिथेच खाली बसले आणि स्वयंसेवक त्यांच्याकडे धावले.

बाबा वळणाच्या अलीकडेच होते. भिंतीला पाठ लावून उभे. उजवा हात शर्टाच्या खिशावर घट्ट, कोपर पुढे काढलेलं. पंप हरवू नये म्हणून त्यांनी तो हात तिथे नेला होता आणि नंतर गर्दीनं तो हात हलूच दिला नाही. पंप काही ओढता आला नाही. पण त्या आडव्या हातामुळे छातीपुढे एवढीशी जागा राहिली. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढ्या जागेवरच यांचा श्वास चालला. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्यांचे ओठ निळसर झालेत आणि ते मला ओळखत नाहीत. मी त्यांच्या खिशातून पंप काढला, तोंडाशी धरला. एकदा, दोनदा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जोडे राहिले."

मी रडले, आणि रडता रडता त्यांना जन्मात दिल्या नसतील इतक्या शिव्या दिल्या.

प्रथमोपचाराच्या तंबूत त्यांना प्राणवायू लावला, छाती तपासली. बरगड्यांना मार होता, मोडलं काही नव्हतं. बोळातल्या बऱ्याच जणांना त्यांनी मोठ्या दवाखान्यात हलवलं. बाबांना बराच वेळ नजरेसमोर ठेवून मग घरी न्यायला सांगितलं आणि धाप वाढली तर लगेच परत आणा असं बजावलं. मी मावशीला मेसेज केला, दोनदा केला. उत्तर आलं नाही. फोन लागत नव्हता. तिला कळलं असेल असं मी धरून चालले आणि बाबांना रिक्षात घालून घरी आणलं. वरच्या खोलीतल्या बिऱ्हाडानं त्यांच्यासाठी अंथरूण घातलं, पाणी तापवलं. ती सगळी माणसं मावशीच्या तालमीप्रमाणे अनवाणी गेली होती आणि मैदानावरून वळसा घालून सुखरूप परतली होती.

ऊन उतरलं तरी मावशी आली नाही. बाबांना डोळा लागला तसं त्यांच्यापाशी वरच्या बाईंना बसवून मी मैदानावर गेले. मनात रागच होता. माणूस मरणाच्या दारातून आलाय आणि हिला येऊन विचारावंसं वाटत नाही, जोडेच वाटत बसलीय, असं मी वाटेत तोंडानं बोलत होते.

टाकीपाशी गर्दी सरली होती. ताडपत्रीवर उरलेसुरले जोडे पडले होते, बहुतेक विजोड. शेजारचे ठेलेवाले आवरत होते. मावशी ताडपत्रीच्या कडेला बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले तरी तिनं वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "इथे काय बसलीस?"

ती म्हणाली, "सगळे आले. बिल्ला घेऊन आले, बिल्ल्याविना आले, भांडून गेले. भावोजी नाही आले. दोघांना विचारलं बोळाचं, ते म्हणाले बऱ्याच जणांना दवाखान्यात नेलं. तिसऱ्याला विचारायची हिंमत झाली नाही."

तिचा फोन ठेल्याच्या खणात होता, फळ्या उलट्या केल्या तेव्हा कुठेतरी पडला होता. माझे दोन्ही मेसेज तिथेच कुठेतरी जाऊन पडले असणार. शेजारचा ठेलेवाला म्हणाला, शेवटचा माणूस जाईपर्यंत ती येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मान वर करून पाहत होती, पायांकडे नाही, चेहऱ्याकडे. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी खाली बसून तिचा हात धरला आणि सांगितलं की ते घरी आहेत, झोपलेत, उठले की चहा मागतील.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं तर बोलत नाही ना, ते बघत होती. मग ती ताडपत्रीला हात टेकून उठायला लागली. मी तिला काखेत हात घालून उभं केलं. ती तशीच चालायला लागली, ताडपत्री, गोण्या, हातगाडी सगळं तिथेच टाकून. शेजारच्यानं मागून हाक मारली, तिनं लक्ष दिलं नाही.

घरी बाबा जागे होते, उशांना टेकून बसले होते. मावशी उंबऱ्यातच थांबली. त्यांची छाती वर खाली होताना तिनं पाहिली. बाबांनी हसून म्हटलं की तुझ्या बोळाची वाट जवळची खरी, पण जरा अरुंद आहे. तिला हसू आलं नाही. ती आत आली, त्यांच्या अंथरुणाशी जमिनीवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"भावोजी, उद्या गर्दी ओसरल्याशिवाय निघायचं नाही," ती म्हणाली. "आणि निघताना मी तुम्हाला परक्या माणसाला सांगते तसं सांगणार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. चिठ्ठीसुद्धा देणार आहे खिशात. तुम्हाला वाईट वाटलं तरी चालेल."

बाबा म्हणाले, "उद्या कशाला, आत्ताच सांग."

तिनं सुरुवात केली. घराचा पत्ता सांगितला. मग हात छातीशी कसे धरायचे ते दाखवायला तिनं स्वतःचे दोन्ही हात वर घेतले, आणि तिथून पुढे तिला बोलता येईना. हात तसेच छातीशी धरून ती रडत राहिली. बाबा तिची वाट पाहत, ऐकायच्या तयारीत, समोर बसून राहिले.